रोपवेची मोटर: 29.4 किलोवॅटचं गणित कुठे कमी पडतं

प्रश्न: दोन केबिन आहेत, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. केबिनमध्ये 20 माणसं, प्रत्येकी 75 किलो. रिकामी केबिन 1000 किलोची. उंची 180 मीटर, दोराची लांबी 360 मीटर, वेग सेकंदाला 4 मीटर. mgh/t केलं तर 29.4 किलोवॅट येतात. 30 ची मोटर बसवली तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. गणित चुकलेलं नाही, पण तो अख्ख्या फेरीचा सरासरी आकडा आहे आणि त्यात घर्षण धरलेलं नाही. रिकाम्या केबिनचं वजन तुम्ही सोडून दिलंत, तेही सरासरीपुरतं बरोबर, कारण दोन्ही केबिन एकमेकींना तोलतात. एकच केबिन असती तर सगळे 2500 किलो मोटरलाच उचलावे लागले असते.

खरी गोम आहे ट्रॅक रोपच्या, म्हणजे केबिनची चाकं ज्यावरून धावतात त्या दोराच्या झोळात. केबिनच्या वजनाने दोर मध्ये खाली येतो, त्यामुळे चढ सगळीकडे सारखा राहत नाही. तुमचा सरासरी चढ 30 अंशांचा. लांबीच्या 5 टक्क्यांच्या आसपास झोळ धरला तर खालच्या स्टेशनजवळ चढ 21 अंशांचा होतो आणि वरच्या स्टेशनजवळ 38 अंशांचा. आता भरलेली केबिन वर पोचत आलीय असं डोळ्यांसमोर आणा. ती सर्वांत उभ्या चढावर आहे, आणि तिला तोलणारी रिकामी केबिन नेमकी सर्वांत सपाट भागात.

2500 × 9.8 × sin 38° − 1000 × 9.8 × sin 21° ≈ 11600 N

सरासरीने हाच आकडा 7350 न्यूटन येतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात ओढ दीडपटीहून जास्त. सुटताना मात्र उलटा प्रकार: भरलेली केबिन सपाटीवर, रिकामी उभ्या उतारावर, त्यामुळे जेमतेम 2700 न्यूटन. नवीन रोपवे सुरू करताना लोक खालच्या स्टेशनवर अँपिअर बघून खूश होतात, ते याचमुळे.

घर्षणाचं म्हणाल तर केबिनची चाकं ट्रॅक रोपवर फिरताना वजनाच्या साधारण 2 टक्के खातात, म्हणजे दोन्ही केबिन मिळून 600 न्यूटन. केबिन ओढणारा हॉल रोप पुल्यांवरून जाताना वाकतो, त्याचे अंदाजे तेवढेच. एकूण 1200 धरू. हॉल रोपचं स्वतःचं वजन मी धरलेलं नाही, कारण दोर बंद फेऱ्याचा असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना कापतात. गिअरबॉक्स आणि मुख्य पुली मिळून कार्यक्षमता 0.85 घेऊ.

(11600 + 1200) × 4 / 0.85 ≈ 60 kW

यात एक भर घाला. वरच्या स्टेशनच्या अलीकडे वारा सुटला म्हणून भरलेली केबिन थांबली, तर तिथूनच पुन्हा सुटता आलं पाहिजे. केबिन, दोर, फिरते भाग असं मिळून 5500 किलो धरले आणि प्रवेग 0.2 m/s² ठेवला तर आणखी 1100 न्यूटन लागतात. कमाल गरज 65 किलोवॅटपर्यंत जाते.

पण म्हणून थेट 75 ची मोटर घ्यायला नको. मोटर तापते ती अख्ख्या फेरीच्या भाराने, आणि तो 41 किलोवॅटच्या आसपास आहे. मी 55 किलोवॅटची मोटर घेईन, सोबत मोटरचा वेग सांभाळणारी आणि मिनिटभर दीडपट टॉर्क देणारी ड्राइव्ह. 65 म्हणजे 55 च्या सव्वापटीच्या आतच. रोपवे समुद्रसपाटीपासून 1000 मीटरच्या वर असेल तर विरळ हवेत मोटर नीट थंड होत नाही. तेव्हा उत्पादकाच्या तक्त्यातली घट धरा, मग कदाचित 75 च घ्यावी लागेल.

उतरण विसरू नका. संध्याकाळी सगळे खाली येतात आणि वर जाणारी केबिन रिकामी असते. तेव्हा मोटर जनरेटर होते आणि ड्राइव्हकडे सुरुवातीला 35 किलोवॅट परत येतात. घर्षण इथे आपल्या बाजूने असतं, म्हणून ते वजा होतं. मी पाहिलेल्या एका रोपवेवर सकाळी सगळं सुरळीत चालायचं आणि संध्याकाळी ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडायची. आठवडाभर मोटर तपासत बसलो. दोष होता परत येणारी वीज जिरवणाऱ्या, पण लहान पडलेल्या ब्रेकिंग रेझिस्टरचा.

घर्षणाचा माझा आकडा अंदाजाचाच आहे, तो तुम्ही मोजून घ्या. दोन्ही केबिन रिकाम्या ठेवून पूर्ण वेगाने चालवा आणि त्या एकमेकींना ओलांडतात त्या क्षणी ड्राइव्हवरचा किलोवॅटचा आकडा लिहून ठेवा. तिथे वजनं पूर्ण तोललेली असतात, उरतं ते फक्त घर्षण. केबिन रिकाम्या असल्याने चाकांचं घर्षण कमी भरतं, म्हणून वरच्या हिशेबाने तो साडेचारच्या आसपास यायला हवा. पुढे कधी तोच आकडा सहा-सातवर गेला, तर कुठल्या तरी पुलीचं बेअरिंग धरतंय.