झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं

प्रश्न: आजोबांचं चावीचं गजराचं घड्याळ आहे आणि एक भिंतीवरचं. दोन्हींचा मागच्या बाजूने फोटो काढलाय. नुसत्या फोटोवरून आत कोणतं मशीन आहे ते ओळखता येतं का?

भिंतीवरच्याचं आधी सांगून मोकळा होतो. त्याचा मागून काढलेला फोटो जवळजवळ वाया. मागे लाकडी फळी, टांगायची पट्टी आणि नशीब असेल तर अर्धं फाटलेलं कागदी लेबल, एवढंच दिसणार. समोरचं दार उघडा आणि तबकडीवर चावीची भोकं किती ते बघा. एक असेल तर बहुधा नुसती वेळ, दोन असतील तर वेळ आणि टोल, तीन असतील तर पाव तासाला सूर वाजवणारं. लंबक काढून आतला फोटो टाका, मग बोलू.

गजराच्या घड्याळाचं मात्र मागूनच कळतं, कारण चाव्या आणि बटणं सगळी मागे. पण लोक बघतात भलतंच. फोटो मोठा करून आधी नाव शोधतात, मग 'मेड इन' कुठे लिहिलंय ते. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर घड्याळ १९४९ नंतरचं आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर युद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतच्या काळातलं, हे खरं. पण हे सगळं झाकणाबद्दल झालं. घड्याळाची चाल कमीजास्त करायच्या खाचेशेजारची अक्षरं बघूनही लोक देश ठरवतात. एफ आणि एस, म्हणजे फास्ट आणि स्लो, असलं की इंग्रजी माल, त्याच अर्थाची फ्रेंच अक्षरं ए आणि आर असली की फ्रेंच. ही अक्षरं गिऱ्हाईक कुठल्या भाषेचं त्याप्रमाणे ठोकलेली असायची. जर्मन कारखान्यातून इंग्रजी गिऱ्हाइकाला जाणाऱ्या घड्याळावर एफ-एसच असणार.

बघायची ती भोकं. मशीनमधून मागे येणाऱ्या दांड्या ठरलेल्या जागी असतात: वेळेची चावी, गजराची चावी, काटे फिरवायचं बटण, गजर लावायचं बटण. कारखाना नाव बदलेल, रंग बदलेल, पेटी चौकोनी करेल, पण दांड्यांची जागा बदलायची तर अख्खी प्लेट नवी पाडावी लागते. म्हणून या भोकांमधली अंतरं हीच मशीनची खरी ओळख. मागे एकच चावी असेल तर शेजारचे बाण बघा. दोन्ही दिशांना बाण असतील तर एका बाजूला फिरवून वेळेची स्प्रिंग भरते, दुसऱ्या बाजूला गजराची. एकच बाण असेल तर एकाच स्प्रिंगवर दोन्ही कामं भागतात.

आता मी एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. आमचे दाजी पुण्याला असतात आणि गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी ताईला घेऊन सोलापूरला येतात. त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं, एक गजराचं घड्याळ आहे. अण्णा गिरणीत होते, पहिल्या पाळीचे. ते घड्याळ वाजलं की घर उठायचं. मागच्या झाकणावर जर्मनी लिहिलेलं आहे, त्यामुळे दाजींच्या लेखी ते 'शंभर टक्के ओरिजिनल जर्मन'. गजराची स्प्रिंग तुटली तेव्हा दाजींनी मागच्या बाजूचा एक फोटो काढला आणि ऑनलाइन जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाला पाठवला. त्याने फोटो बघून सांगितलं, ओळखलं, स्प्रिंग आहे. पैसे गेले, स्प्रिंग आली आणि बसेना. पट्टीची रुंदीच जास्त, दोन प्लेटांच्या मधल्या जागेत मावेना. दाजींचा निकाल झाला: विक्रेता चोर.

मी म्हटलं, तुम्ही त्याला पाठवलेला फोटो दाखवा. बघितला आणि मला हसू आलं. डाव्या चावीचं भोक छान गोल. उजव्या, म्हणजे गजराच्या चावीचं भोक लांबट, आतल्या बाजूला ओढल्यासारखं, आणि त्या कडेला कानशीच्या बारीक रेघा. त्याखाली एक वायसर, वरच्या रंगाशी न जुळणारा. चाल कमीजास्त करायची पट्टी खाचेच्या मधोमध असायची, ती एका टोकाला चिकटलेली आणि अर्धी झाकणाखाली गेलेली.

मग दाजींच्या समोरच मोजलं. झाकणाचा व्यास फूटपट्टीने १०० मिलिमीटर भरला. फोटो कॉम्प्युटरवर उघडून झाकण पडद्यावर २०० मिलिमीटर दिसेल एवढा मोठा केला, म्हणजे सगळं बरोबर दुप्पट. दोन चाव्यांच्या दांड्यांमधलं अंतर पडद्यावर ९२ आलं, म्हणजे खरं ४६. आता ते लांबट भोक. रुंदी ७, लांबी १२. म्हणजे ७ चं गोल भोक कुणीतरी ५ मिलिमीटर आत वाढवलं. त्याचं बाहेरचं टोक अजून गोल होतं, कारखान्याने पाडलेलं. त्या गोलाच्या मध्यापासून डाव्या चावीपर्यंत मोजलं तर ५१. झाकण ५१ वाल्या मशीनसाठी बनलेलं होतं आणि आत बसलंय ४६ वालं. विक्रेत्याने ओळखलं ते बरोबरच ओळखलं, फक्त त्याने झाकणाचं मशीन ओळखलं. आतलं त्याला दिसलंच नव्हतं.

दाजी म्हणाले, भोक वापरून झिजलं असेल. चावी देऊन पत्र्याचं भोक एकाच बाजूला ५ मिलिमीटर झिजत नाही, दांडी मशीनच्या प्लेटमध्ये फिरते, पत्र्याला ती टेकतही नाही. पण खरा पुरावा ताईनेच दिला. झाकणावर गजराच्या चावीशेजारी बाण आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. ताई म्हणाली, "बाणाप्रमाणे फिरवली की ती चावीच सुटून हातात येते, मी पहिल्यापासून उलटीच फिरवते." दाजी इतकी वर्षं समजत होते की चावीचा आटा गेलाय. आटा ठणठणीत आहे. चावी ज्या दिशेने भरायची त्या दिशेने ती घट्ट होत जाते आणि उलट फिरवली की सुटते, दोन चाव्यांच्या गजराच्या घड्याळांत आटा सहसा असाच ठेवतात. बाणाच्या दिशेने चावी सुटत असेल तर बाण एका मशीनचा आणि दांडी दुसऱ्या मशीनची.

यावर दाजींचं उत्तर: "तुला आमच्या अण्णांचं घड्याळ ओरिजिनल असलेलं बघवत नाही." आणि मग, "त्या वेळच्या तुमच्या पेठेतल्या घड्याळवाल्याने जर्मन मशीन काढून घेतलं आणि भंगार बसवलं."

इथे माझं डोकं फिरलं. माझे मामा हेच काम करायचे, डोळ्याला भिंग लावून. अण्णांचं घड्याळ कुणी दुरुस्त केलं ते मला माहीत नाही, पण काम बघितलं तर कळतं. भोक वाढवलंय पण कड घासून गुळगुळीत केलीय, वायसर लावून फट झाकलीय, पट्टी वाकवून खाचेपर्यंत आणलीय. चोरी करणारा एवढा जीव ओततो का? त्या काळी परदेशी सुटा भाग मिळणं म्हणजे कठीणच. अण्णांना सकाळी भोंग्याच्या आधी उठायचं होतं, त्यांना जर्मनीशी काय देणंघेणं? हाताशी असलेलं चालू मशीन पेटीत बसवून दिलं आणि ते पुढे कैक वर्षं वाजलं. याला दुरुस्तीच म्हणतात. दाजींना आता ते घड्याळ विकायचंय आणि जाहिरातीत 'ओरिजिनल' लिहायचंय, सगळं दुखणं तिथे आहे. लिहायचं तर सरळ लिहा: पेटी आणि झाकण जर्मन, मशीन बदललेलं. किंमत कमी येईल, येऊ दे. घेणाऱ्याला झाकण उघडल्यावर कळणारच आहे.

असो. तुमच्या फोटोचं. मोबाईल जवळ धरून काढला असेल तर पुन्हा काढा. चाव्या झाकणापासून दोनेक सेंटिमीटर बाहेर असतात. मोबाईल झाकणापासून २० सेंटिमीटरवर असेल तर चावीचं टोक झाकणापेक्षा दहा-अकरा टक्के मोठं आणि बाहेर सरकलेलं दिसतं, आणि ५० मिलिमीटरच्या अंतरात ५ ची चूक तिथेच होते. एक मीटर लांब उभे राहून झूम करा, चूक दोन टक्क्यांवर येते. घड्याळ चौकटीच्या मधोमध ठेवा, कडेला फोटो ताणला जातो. झाकणाला टेकवून फूटपट्टी ठेवा. आणि मोजताना चाव्यांची टोकं धरू नका, दांडी पत्र्यातून जिथे बाहेर येते ती जागा धरा. चाव्या काढून फोटो काढलात तर उत्तमच. त्या बाणाच्या उलट फिरवून निघतात, काटे फिरवायची बटणं बहुतेक वेळा सरळ ओढून निघतात.

दोन गोष्टी राहिल्या. अंतरं जुळली म्हणजे मशीन तेच, असं छातीठोक सांगता येत नाही. एकाच मांडणीची मशीनं एकापेक्षा जास्त कारखान्यांनी काढलीत, आणि एकाच कारखान्याने तीच प्लेट ठेवून आतली चाकं बदललीत. अंतरं जुळली नाहीत तर मात्र ते मशीन नाहीच, हे पक्कं. दुसरं, माझं वाचून उत्साहात प्लेटांचे स्क्रू सोडू नका. झाकण काढणं वेगळं आणि प्लेटा उघडणं वेगळं. स्प्रिंग भरलेली असताना प्लेटा सोडल्या तर बोटं फुटतात. जुन्या घड्याळाच्या काट्यांवर चमकणारा हिरवट-पिवळट रंग असेल तर तो खरवडू नका, जुन्या काळी त्यात रेडियम असायचं.

तुमच्या फोटोत चारही भोकं गोल असतील, दांड्या भोकांच्या मधोमध असतील आणि चावी बाणाप्रमाणे भरत असेल, तर झाकणावरून ओळखलेलं मशीन बहुधा बरोबर. यातलं एक जरी जुळत नसेल तर सुट्या भागासाठी झाकणाचा फोटो कुणाला पाठवूच नका. झाकण काढा, आतल्या मागच्या प्लेटचा फोटो काढा, तिच्यावर कारखान्याचा शिक्का असला तर तो कोपऱ्यात कुठेतरी बारीक ठोकलेला असतो. आणि स्प्रिंग मागवायची असेल तर जुन्या पट्टीची रुंदी आणि जाडी मोजून सोबत लिहा.