ई-इनव्हॉइसचा आयआरएन आणि क्यूआर कसा तपासायचा?

सप्लायरच्या बिलावर आयआरएन आणि क्यूआर दोन्ही छापलंय, मग बिल लगेच घेतलं तर चालेल का?

नाही, आधी स्कॅन करा. आयआरएन म्हणजे ई-इनव्हॉइसचा संदर्भ क्रमांक, तो ६४ अक्षरांचा असतो आणि सप्लायरचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरूनच बनतो, त्यात रक्कम नसतेच, म्हणजे कोणी पीडीएफमध्ये ५०,००० चे ८०,००० केले तरी आयआरएन तोच राहणार.

रक्कम क्यूआरमध्ये असते. जीएसटीएनच्या क्यूआर व्हेरिफायर अ‍ॅपने स्कॅन केलं की दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, मुख्य वस्तूचा एचएसएन कोड दिसतो, ते छापील बिलाशी एकेक करून जुळवा. साध्या स्कॅनरवर नुसती अगम्य अक्षरं येतात आणि क्यूआरमधली डिजिटल सही खरी की खोटी ते कळत नाही, त्यामुळे तो वापरू नका. पण वस्तूंची पूर्ण यादी क्यूआरमध्ये नसते हां, फक्त किती आयटम तेवढा आकडा, त्यामुळे नग आणि दर डिलिव्हरी चलनाशी जुळवावेच लागतात.

अजून एक, सप्लायर २४ तासांच्या आत आयआरएन कॅन्सल करू शकतो आणि कागदावरचा क्यूआर तसाच राहतो, म्हणून पेमेंट सोडायच्या आधी einvoice.gst.gov.in वर आयआरएन टाकून स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे ना ते बघाच.