‘नो अ‍ॅक्यूट अ‍ॅबनॉर्मॅलिटी’ आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड’ मराठीत कसं लिहायचं?

प्रश्न : एक्स-रे, सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधली ही दोन वाक्यं पेशंटला कळतील अशी मराठीत कशी लिहावीत? ‘तीव्र विकृती नाही’ आणि ‘वैद्यकीय सहसंबंध सुचवला आहे’ चालेल का?

दोन्ही नको. ‘तीव्र’ वाचलं की माणूस समजतो की तीव्र नाही म्हणजे सौम्य काहीतरी आहेच, आणि ‘विकृती’ हा शब्द तर आपल्या आईवडिलांच्या रिपोर्टवर कुणालाच बघवणार नाही. अ‍ॅक्यूटचा इथला रोख किती जोरात यापेक्षा कधीपासून यावर जास्त आहे, म्हणजे अलीकडे, अचानक झालेलं. त्यामुळे जुनं, भरून आलेलं फ्रॅक्चर फिल्मवर दिसत असलं तरी रिपोर्टमध्ये ‘नो अ‍ॅक्यूट’ येऊ शकतं, म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे’ हेही भाषांतर चूक. मी ‘नव्याने झालेला बिघाड दिसला नाही’ असं लिहीन, हाडांच्या रिपोर्टमध्ये सरळ ‘नवीन दुखापत दिसली नाही’. यात ‘दिसला नाही’ मुद्दाम आहे, तिथे ‘नाही’ एवढंच लिहिलं तर रेडिओलॉजिस्टने दिली नाही अशी खात्री आपण पदरची दिल्यासारखं होतं.

हा फरक किती महत्त्वाचा ते मनगटाच्या एक्स-रेवरून कळतं. समजा कुणी हात टेकून पडलं, मनगट सुजलं, रिपोर्टमध्ये ही दोनच वाक्यं आली. अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्यातली बारीक चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. डॉक्टर अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबून बघतात, तिथे दुखलं तर रिपोर्ट चांगला असूनही स्प्लिंट किंवा प्लास्टर घालतात आणि साधारण १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढतात, कारण तोवर चिरेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि ती दिसायला लागते, किंवा तेवढं न थांबता आधीच एमआरआय करतात. ‘फ्रॅक्चर नाही’ असं वाचून पेशंट घरीच बसला तर ते हाड न जुळता राहू शकतं.

क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे हेच ताडून बघणं. रेडिओलॉजिस्टसमोर फिल्म असते, दाबल्यावर कुठे दुखतं हे बहुतेक वेळा त्याला माहीत नसतं. ‘सहसंबंध’ वाचून काय करायचं ते कळत नाही, आणि नुसतं ‘सुचवला आहे’ म्हटलं की कुणाला सुचवलं तेही कळत नाही, पेशंटला वाटतं आपल्यालाच अजून एखादी टेस्ट सांगितलीय. म्हणून कर्ता लिहायचाच, इंग्रजीत तो नसला तरी.

माझा मसुदा असा :

‘एक्स-रेमध्ये हाडांना नवीन दुखापत दिसली नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हा निष्कर्ष रुग्णाची लक्षणं आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी ताडून पाहावा.’

याच्यापुढे ‘काळजीचं कारण नाही’ असं आपल्या मनाचं वाक्य मात्र जोडू नका, मूळ रिपोर्टमध्ये ते नाहीये.