टाइप वन मधुमेह: शाळेला द्यायचा कागद

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, टाइप वन आहे, शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ. शिक्षकांना नेमकं काय लिहून देऊ?

उत्तर: एकच पान द्या; शुगर उतरल्यावर काय करायचं ते सगळ्यात वर, इन्सुलिन त्याखाली. माझी मुलगी टाइप वन आहे. घाईत पहिल्या चार ओळीच वाचल्या जातात, हे मी पाहिलंय.

उदाहरणच लिहा: पीटीनंतर मुलगा चिडचिडा झाला, हात थरथरतात, घाम आलाय. मीटरवर ५८. ७० च्या खाली म्हणजे लगेच साखर. मीटर सापडत नसेल तरी द्यायचीच. पंचवीस किलोच्या मुलाला साधारण ८ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे साखर पाण्यात. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० खाली तर तेवढीच परत. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही, नळावरसुद्धा. शुद्ध हरपली किंवा झटका आला तर तोंडात काहीही घालायचं नाही; कुशीवर वळवून १०८ ला फोन, मग तुम्हाला.

इन्सुलिनबद्दल दोनच गोष्टी: डोस शिक्षकांनी ठरवायचा नाही, आणि ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही. दुपारचं जेवण उशिरा आलं आणि इन्सुलिन आधी गेलं, तर वर्गातच शुगर उतरते.

पान मराठी-कन्नड दोन्हींत करा. पीटीचे सर नि स्वयंपाकाच्या मावशी कन्नड वाचणारे असू शकतात. साखरेचं माप मात्र तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या.