खोडलेला शब्द

इंदूर

चि. कवयित्रीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो परवा मिळाला. खाली तू लिहिले आहेस, 'काका, लय आणि शब्द सुधारून द्या, पण अर्थ आणि भाव बदलू नका.' त्यानंतर काल रात्री आणखी एक ओळ आली, की टंकलेली प्रत पाठवते, फोटोत फार खाडाखोड आहे. ती प्रत पाठवू नकोस. खाडाखोडच मला हवी होती. दुसऱ्या ओळीत 'आजोबा' या शब्दाच्या आधी निळ्या शाईने खोडलेला एक शब्द आहे. फोटो मोठा करून पाहिल्यावर तो 'नाना' आहे हे स्पष्ट वाचता येते. घरी तू त्यांना नाना म्हणतेस, मला पाठवलेल्या प्रत्येक संदेशात नाना म्हणतेस, आणि कवितेत मात्र त्यांचे आजोबा केलेस. का केलेस, ते मी ओळखतो. कवितेला जरा बरे कपडे घालावेत असे वाटले असणार.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी. ज्या शब्दासाठी कविता लिहिली गेली तो शब्द हलवायचा नाही. लय अडली, तर आधी भरतीचे शब्द काढायचे.

तुझ्या सहा ओळी अशा आहेत:

भोंगा आता वाजत नाही
तरी आजोबा अजूनही पहाटे लवकर उठतात
रिकामा डबा पुसूनिया ते हळुवार हातांनी
फळीवरी ठेवून देतात पुन्हा एकदा
आई म्हणते, आता कुठे निघालात तुम्ही
खिडकीपाशी उभे आजोबा, मनी वेदनेचा सागर

पहिली ओळ मोठ्याने म्हण आणि मांडीवर ठेका धर: भोंगा, आता, वाजत, नाही. चार ठोके, प्रत्येक ठोक्यात चार मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन, एवढे तुला ठाऊक आहे. मोजलेस तर आठ आणि आठ अशा 16 मात्रा भरतील. जुने लोक याला पादाकुलक म्हणतात. तू ते ठरवून केलेले नाहीस, मिलचा भोंगा बंद पडल्याची गोष्ट घरात ज्या शब्दांत सांगतात तेच शब्द उतरवलेस आणि ते ठेक्यात बसले. म्हणून या कवितेची चाल बाहेरून आणायची नाही, ती पहिल्या ओळीने ठरवून दिलेली आहे. पुढच्या ओळी तिच्यापासून किती दूर गेल्या ते पाहा: दुसरीत 29 मात्रा आहेत, तिसरीत 27.

तू फोनवर म्हणालीस की, 'मी म्हणते तेव्हा बसते.' बसते, कारण तू गझला ऐकत वाढली आहेस आणि उर्दूत 'मेरे', 'तेरे' यांतला शेवटचा स्वर गरजेप्रमाणे दाबून एक मात्रेचा करता येतो. आपल्या गावात तो कान सगळ्यांनाच लागलेला असतो, माझाही आहे. मराठीत मात्र 'ते' मधला 'ए' दोन मात्रांचाच राहतो. तू तो घाईने म्हणून वेळ मारून नेतेस. दुसऱ्याने वाचल्यावर ओळ तिथेच अडखळते. म्हणून आपली कविता आपण म्हणून पाहण्यापेक्षा घरातल्या कोणाला तरी वाचायला द्यावी आणि तो कुठे थांबतो ते ऐकावे.

आता दुसरी ओळ. 'तरी' आणि 'अजूनही' एकच काम करतात. 'पहाटे' म्हटल्यावर 'लवकर' कशाला? ही भरती काढली आणि खोडलेले नाना परत आणले की उरते, 'तरी पहाटे नाना उठतात.' मात्रा 17. इथे नव्वद टक्के लोक 'उठती' करतील आणि 16 भरतील. ते करू नकोस. 'उठती' हे तुमच्या घरात कोणी बोलत नाही. मी क्रियापदच काढले: 'तरी पहाटे जागे नाना'. ठेका धरून पाहा: तरी प, हाटे, जागे, नाना. अर्थ किंचित सरकला, हे मला मान्य आहे. जागे असणे आणि उठणे एक नव्हे. पण पुढच्याच ओळीत ते डबा हातात घेतात, म्हणजे उठलेले आहेतच. पुढची ओळ ती उणीव भरून काढत नसती, तर मी 17 मात्रा तशाच ठेवल्या असत्या.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत 'पुसूनिया' आणि 'फळीवरी' आहेत. हे शब्द ओळ लांबवण्यासाठी ताणलेले आहेत. अभंगात ते शोभतात, कारण तिथे ते त्या काळच्या बोलण्याच्या जवळ होते. 'हळुवार हातांनी' हे तर तुझ्या नानांचे हातच नव्हेत. साच्यांवर उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाचे हात तू पाहिले आहेस. 'पुन्हा' पुरेसे असताना 'एकदा' कशाला, तेही कळत नाही. हे सगळे काढल्यावर दुसरी अडचण येते: नाना आदरार्थी, म्हणून प्रत्येक क्रियापद 'तात' ने संपणार आणि ठेका तुटणार. त्यावर मी असे केले:

डबा रिकामा पुसून घेणे
पुन्हा फळीवर ठेवुन देणे

रोजचा क्रम सांगताना आपण असेच बोलतो, कर्ता न सांगता. त्यामुळे आदर राहिला, कोरडेपणा राहिला आणि यमक आपोआप आले. शिवाय 'घेणे' आणि 'देणे' शेजारी आल्यावर मिलकडे थकलेल्या हिशेबाची आठवण येते. ती येऊ दे, तिच्याकडे बोट दाखवू नकोस. मोजताना लक्षात ठेव की 'पुन्हा' मधला 'पु' जोडाक्षराआधी असूनही एकाच मात्रेचा आहे, कारण 'न्हा' म्हणताना त्याच्यावर आघात येत नाही. 'रस्ता' म्हणून बघ, तिथे 'र' वर जोर पडतो आणि तो दोनचा होतो. पुस्तकाने नव्हे, जिभेने ठरते.

तू विचारशील की 'फळीवरी' चालत नाही तर 'ठेवून' चे 'ठेवुन' कसे चालते. चालते, कारण बोलताना तो 'वू' कोणीच लांबवत नाही, लेखनाच्या नियमाने तो दीर्घ लिहिला जातो इतकेच. माझ्या तत्त्वातली ही पळवाट आहे असे वाटत असेल, तर खुशाल म्हण. चाळीस वर्षे ती वापरतो आहे आणि तिच्यामुळे कोणाचा अर्थ गेलेला नाही. अर्थ घालवल्याचा गुन्हा माझ्या हातून दुसऱ्याच पद्धतीने झाला.

तेव्हा मी 24 वर्षांचा होतो, मात्रा मोजायला नुकताच शिकलो होतो, आणि एका छोट्या वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे होते. एका मित्राच्या कवितेत ओळ होती, 'आई चुलीशी खोकत होती'. मी बोटांवर मोजले, 17 आल्या. एका मात्रेसाठी ती ओळ मी 'चुलीपुढे ती बसली होती' अशी करून छापली. आठ अधिक आठ, चोख. त्याच्या आईचा खोकला मी पुसून टाकला, आणि ती कविता त्या खोकल्याचीच होती. मित्र काही बोलला नाही, फक्त पुन्हा कधी कविता दिली नाही. अंक छापखान्यात जायचा होता, विचारायला वेळ नव्हता, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगितले. वेळ होता, त्याचे घर दोन गल्ल्या सोडून होते. पण एवढेही सांगतो, की मात्रा मोजणे चूक नव्हते. 17 आल्या हे कळलेच नसते, तर ती एक जास्तीची मात्रा खोकल्यासारखीच मध्ये येते, हेही मला नंतर कधी कळले नसते.

त्यामुळे पाचव्या ओळीत मी आता हट्टी आहे. 'आई म्हणते, कुठे निघालात?' यात शेवटच्या 'त' मुळे 17 होतात. 'निघाला' केले की 16. पण सून सासऱ्याशी बोलते आहे. तो 'त' गेला तर तुझ्या आईच्या तोंडची अदब गेली, आणि या प्रश्नात जी माया आहे ती त्या अदबीच्या आडूनच दिसते. 'त' राहू दे. शेवटी तो पाय मोडल्यासारखाच उच्चारला जातो, ठेका त्याला गिळतो. कागदावर 17, कानात 16. 'आता' आणि 'तुम्ही' मात्र गेले, ती भरती होती.

आणि 'वेदनेचा सागर'. बाळ, पाच ओळी तू डबा, फळी आणि भोंगा यांवर काढल्यास, एकदाही कोणाला रडवले नाहीस, आणि सहाव्या ओळीत एवढे पाणी कुठून आणलेस? भाव बदलू नका असे मला बजावतेस, आणि भाव तिथे तूच बदलला आहेस. तुझीच ओळ अर्धी ठेवून मी लिहिले, 'नाना नुसते खिडकीपाशी'. 'नुसते' हा शब्द माझा आहे, त्यामुळे त्याच्यावर संशय घे. कसोटी अशी लाव: तो काढून ओळ म्हण. काही उणे झाले नाही, तर ती माझी भरती, खुशाल खोड. मला वाटते उणे होते, कारण आईच्या प्रश्नाला नाना उत्तर देत नाहीत हे त्या एका शब्दातच आहे. 'गप्प' लिहिले असते तर ते रुसल्यासारखे वाटले असते. 'उभे' गेले याची थोडी हळहळ आहे. 'नाना उभेच खिडकीपाशी' हेही 16 मध्ये बसते. दोन्ही म्हणून पाहा आणि तुझे तू ठरव.

सगळे एकत्र लिहून देतो:

भोंगा आता वाजत नाही
तरी पहाटे जागे नाना
डबा रिकामा पुसून घेणे
पुन्हा फळीवर ठेवुन देणे
आई म्हणते, 'कुठे निघालात?'
नाना नुसते खिडकीपाशी

यमक फक्त मधल्या जोडीत आहे. बाकीच्या ओळींत जुळवायला जाऊ नकोस, पुन्हा सागर येईल.

एक शंका उरली आहे. फोटो तिरपा आहे आणि चौथ्या ओळीच्या सुरुवातीवर तुझ्या अंगठ्याची सावली पडली आहे. मी 'फळीवरी' असे वाचले, पण पहिली दोन अक्षरे नीट दिसत नाहीत. ते 'चुलीवरी' असेल तर माझी ओळ खोटी ठरते. पान खिडकीजवळ सपाट ठेवून पुन्हा फोटो काढ, आणि नानांचा डबा प्रत्यक्षात कुठे असतो तेही बघून कळव.

तुझा
काका