खांद्यावर ठेवलेला हात

प्रश्न: प्रचाराच्या फ्लेक्सवर दोन नेत्यांचे वेगवेगळे फोटो जोडून एकत्र दाखवले आणि खाली बारीक अक्षरांत ‘प्रतीकात्मक’ लिहिलं, तर पुरे ना?

नाही. मी इंदुरात राजवाड्याजवळ बरीच वर्षं फ्लेक्सचं डिझाइन करतो, म्हणून कामातलंच सांगतो.

भगव्या किंवा निळ्या पट्टीवर कापून लावलेले चेहरे पाहून कोणी फसत नाही. ते सगळे एका जागी उभे होते, असं बघणाऱ्याला वाटतच नाही. पण एकदा एका उमेदवाराचा माणूस म्हणाला, “भैया, बस बड़े नेताजी का हाथ इनके कंधे पे रख दो.” त्यासाठी बोटांखाली कुर्त्याला चुणी पाडावी लागते, दोघांवर उजेड एकाच बाजूनं आणावा लागतो, सावल्या जुळवाव्या लागतात. एवढं केलं की ते चित्र साक्ष देऊ लागतं: हे भेटले, यांना आशीर्वाद मिळाला. भेट तर झालीच नव्हती. मी नकार दिला आणि ते काम दुसरीकडे गेलं.

खालची ओळ का पुरत नाही, हे 1950 च्या अमेरिकेतल्या मेरीलँडच्या सिनेट निवडणुकीत दिसतं. मिलार्ड टायडिंग्ज यांच्या विरोधकांनी एक पत्रक वाटलं. त्यात ते कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांच्या अगदी जवळ, त्यांचं बोलणं लक्षपूर्वक ऐकताना दिसत होते. टायडिंग्ज यांचा भाग 1938 मधल्या फोटोतला होता, तेव्हा ते रेडिओवर निकाल ऐकत होते. ब्राउडर यांनी टायडिंग्ज यांच्या समितीपुढे साक्ष दिली होती हे खरं, पण ही जवळीक बनावट होती. आणि फोटोखाली ‘जोडचित्र’ असा शब्द छापलेलाही होता! लोकांच्या डोळ्यांत मात्र जवळीकच राहिली. टायडिंग्ज हरले. फक्त या फोटोमुळे हरले असं म्हणता येणार नाही, पण 1951 मध्ये सिनेटच्या चौकशीनं त्या पत्रकावर कडक ताशेरे ओढले.

आपल्याकडे निवडणूक आयोगानं ऑक्टोबर 2025 मध्ये एआयनं बनवलेल्या किंवा बदललेल्या प्रचारचित्रांसाठी दिसणाऱ्या जागेच्या किमान 10 टक्के लेबल सांगितलं आहे. दहा बाय चारच्या फ्लेक्सवर ते चार चौरस फूट होतं, म्हणजे पूर्ण रुंदीभर जवळजवळ पाच इंचांची पट्टी. हातानं जोडलेल्या फोटोलाही मी हेच माप लावतो, कारण बघणाऱ्याची फसगत दोन्हीकडे सारखीच होते. मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127क प्रमाणे छापावाच लागतो, पण त्यातून फोटो जोडलेला आहे हे कळत नाही.

तरीही व्हॉट्सॲपवर कोणी खालची पट्टी कापून फोटो पुढे पाठवला, तर? साध्या कोलाजचं तेव्हाही काही बिघडत नाही, ते कोलाजच दिसतं. खांद्यावरच्या हाताचा मात्र पुरावा होतो. म्हणून तुमच्या डिझायनरला सांगा, चेहरे वेगवेगळ्या चौकटींत ठेव, मधली रेघ दिसू दे, आणि वरती ठळक ‘जोडचित्र’ लिही.