नांदेडला लंगरात पहिल्यांदा जेवायला बसणाऱ्यांसाठी

प्रश्न: पहिल्यांदाच नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाणार आहे. लंगर, पंगत, सेवा, परशादा या शब्दांचा नेमका अर्थ काय? आम्ही शीख नाही, तरी जेवता येतं का आणि किती पैसे द्यायचे?

जेवता येतं. पैसे कोणी मागत नाही. द्यायचेच असतील तर ‘गोलक’ नावाची पेटी असते, तिच्यात टाका. जेवणाची किंमत म्हणून मात्र वाढणाऱ्याच्या हातात नोट ठेवू नका.

‘लंगर म्हणजे शिखांचं अन्नदान’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अन्नदानात देणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर. लंगर हा शब्द स्वयंपाकघरालाही आहे आणि तिथल्या जेवणालाही. तो गुरूचा लंगर. कणकेची पोती देणाराही त्याच रांगेत मांडी घालून बसतो. शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी पंजाबातल्या गोइंदवालला ‘पहिले पंगत, फिर संगत’ हा नियम घातला, म्हणजे आधी रांगेत बसून जेवण, मग सत्संग. भेटायला आलेला कितीही मोठा असो, आधी सगळ्यांबरोबर जेवायचं. पंगत हा शब्द आपलाच आहे, पण आपल्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार हे जातीवरून ठरायचं. तिथे पंगत काढली ती नेमकं हेच मोडायला. म्हणून घरच्या सगळ्यांना एकत्र जागा मिळावी म्हणून रांगेत मध्ये रिकामी जागा धरून ठेवू नका. जिथे रांग संपते तिथे बसायचं.

परशादा म्हणजे पोळी. मराठी माणूस इथेच हमखास गडबडतो. ‘परशादा वाहेगुरू’ असा पुकारा ऐकून आपण शिऱ्याची वाट बघतो आणि समोर येते पोळी. शिवाय आपल्याकडे वाढपी पोळी ताटात टाकतो, म्हणून आपण ताट पुढे करतो. तिथे दोन्ही हात ओंजळीसारखे जोडून पुढे करायचे, पोळी त्यात पडते. गुरूच्या घरचं घेताना एक हात पुढे करत नाहीत. हात पुढे दिसले नाहीत तर वाढणारा पुढच्या माणसाकडे सरकतो. तो रागावलेला नसतो, तुम्हाला नको आहे असं समजतो. एका वेळी एकच घ्या, पुन्हा फेरी येते. पुरे झालं की नमस्कारासारखे हात जोडायचे. आपल्यासारखा आग्रह तिथे नसतो, त्यामुळे ताटात उरलं तर दोष तुमचाच.

गोड हवं असेल तर तो ‘कडाह प्रसाद’. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला हा शिरा दरबारात, म्हणजे गुरू ग्रंथसाहिब असतो त्या मुख्य दालनात मिळतो. तोही ओंजळीतच घ्यायचा. हात तुपाने माखतात, रुमाल जवळ असू द्या. डोकं झाकायला मात्र दुसरं कापड ठेवा.

आता सेवा. आपण देवाची सेवा म्हणतो तेव्हा पूजा मनात असते. तिथे सेवा म्हणजे हाताने केलेलं काम. जोडाघरात चपला सांभाळणं ही सेवा, उष्टी ताटं घासणं ही सेवा. नवख्याने पोळ्या लाटायला बसावं. आधी हात धुवा. गोळा पिठीत अगदी हलका बुडवा. पिठी जास्त झाली की ती तव्यावर गळून जळते आणि पुढच्या सगळ्या पोळ्यांना कडवट वास लागतो. कडा जाड ठेवू नका. मोठ्या तव्यावर एकावेळी कितीतरी पोळ्या असतात, तुमच्या जाड कडेसाठी भाजणारा थांबत नाही, आणि ती कच्ची पोळी कुणाच्या तरी ओंजळीत जाते. गोल नाही झाली तरी कुणी हसत नाही. तव्याजवळ आणि डाळीच्या कढईजवळ आपणहून जाऊ नका, ते सरावलेल्यांचं काम. आणि मीठ बघायला म्हणून डाळ चाखायची नाही. अरदास म्हणजे प्रार्थना होऊन भोग लागेपर्यंत ते अन्न उष्टावत नाहीत. नैवेद्याआधी आपण तरी कुठे चाखतो?

फोटो काढण्यापुरतं लाटणं हातात धरायचं असेल तर सरळ जेवून निघा. बसलात तर शेजारचा ढीग संपेपर्यंत उठू नका.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मोठ्या गुरुद्वाऱ्यांचं झालं. लहान गावात लंगर ठरावीक वेळीच किंवा फक्त गुरुपुरबाला, म्हणजे गुरूंच्या स्मरणाच्या उत्सवाला असतो, आधी विचारून जा. गुडघे दुखत असतील तर सेवादाराला सांगा. जमिनीवर बसण्याबद्दल अकाल तख्ताचा, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचा, 1998 चा आदेश आहे खरा, पण तो धडधाकट माणसांनी टेबल-खुर्च्या मांडून जेवण्याविरुद्ध होता, तुमच्या आजीविरुद्ध नव्हे.

आणि उशिरा पोहोचलात आणि एखादा निहंग, म्हणजे निळ्या वेशातला शस्त्रधारी शीख, ‘लंगर मस्त है’ म्हणाला, तर खूश होऊन ताट उचलू नका. निहंगांच्या बोलीत काही संपलं असं म्हणत नाहीत, ‘मस्त’ म्हणतात. जेवण संपलंय.